दोन डायलिसिसच्या मधले दिवस: पाणी, पोटॅशियम आणि एकादशीचं ताट

ही सूचना आपल्या युनिटमधल्या सगळ्या पेशंटसाठी आहे. घरात स्वयंपाक करणाऱ्यांसाठीही तितकीच आहे. सावकाश वाचा, एका बैठकीत संपवायची घाई नाही. अक्षरं बारीक वाटली तर डायलिसिस चालू असताना आम्हाला हाक मारा. शेजारी बसून वाचून दाखवू.

आषाढी एकादशी जवळ आली आहे. तिच्या मागून श्रावण येईल, मग नवरात्र. या दिवसांत आपले काही पेशंट दरवर्षी दमलेले, धापा टाकत आणि पोटॅशियम वाढवून येतात. त्यांनी पथ्य मोडलेलं नसतं. उलट त्यांनी उपवास केलेला असतो, आणि उपवास म्हणजे हलकं खाणं असं त्यांना मनापासून वाटत असतं. म्हणून या वेळी सण यायच्या आधीच लिहीत आहोत.

आधी पाण्याचं

चांगली किडनी दिवसरात्र काम करते. तुमच्यासाठी ते काम मशीन करतं, पण आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, एका वेळी चार तास. मधल्या दिवसांत प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. म्हणून आल्याबरोबर आम्ही तुम्हाला काट्यावर उभं करतो.

अंगात जास्तीचं पाणी नसताना जे वजन असतं त्याला ड्राय वेट म्हणतात. तुमचं ड्राय वेट फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. ते पाठ करा. आज काट्यावर आलेल्या वजनातून ते वजा केलं की साठलेलं पाणी कळतं.

आता मशीन काय करतं ते सांगते. मशीन पाणी फक्त रक्तातून काढतं. पायावरची सूज, पोटातलं पाणी, छातीतलं पाणी मशीनला थेट काढता येत नाही. रक्तातलं थोडं पाणी निघालं की सुजेतलं पाणी झिरपून रक्तात येतं, मग तेही काढता येतं. हे झिरपणं सावकाश होतं. सगळ्या अंगातलं रक्त मिळून चार-पाच लिटर असतं. त्यातून घाईने तीन-चार लिटर पाणी ओढलं तर झिरपणारं पाणी मागे पडतं आणि रक्तच कमी पडतं. मग बीपी उतरतं. पोटऱ्यांत गोळे येतात, उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदयालाही त्या वेळी रक्त कमी मिळतं. असं वारंवार झालं तर ते कमजोर होत जातं.

म्हणून पाणी काढण्याच्या वेगाला मर्यादा असते. दर तासाला, वजनाच्या दर किलोमागे १३ मिलीच्या वर आम्ही सहसा जात नाही. ५६ किलोच्या माणसाचं चार तासांत जास्तीत जास्त २.९ लिटर निघतं. दहाच्या आसपासचा वेग अंगाला जास्त मानवतो. त्या वेगाने सव्वादोन लिटर निघतं. म्हणून आम्ही सांगतो की दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन-सव्वादोन किलोच्या वर जाऊ देऊ नका. तुमचं वजन ४० किलो असेल तर तुमचा आकडा याहून कमी आहे. तो आमच्याकडून लिहून घ्या.

दिवसाला किती प्यायचं?

चोवीस तासांत जेवढी लघवी होते, तेवढं पाणी आणि वर अर्धा लिटर. हा साधा हिशोब आहे. लघवी ३०० मिली होत असेल तर दिवसाचे ८०० मिली. लघवी अजिबात होत नसेल तर सहसा अर्धा ते पाऊण लिटर. तुमच्यासाठी डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा.

लघवी मोजायला जुनी लिटरची बाटली चालते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्या. त्यानंतरची सगळी, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत, बाटलीत जमा करा. महिन्यातून एकदा मोजलंत तरी पुरे. लघवी महिन्या-महिन्याने कमी होत जाते आणि आपण मात्र जुन्याच हिशोबाने पाणी पीत राहतो. ही चूक फार जणांची होते.

भात, भाकरी, भाजी यांतलं पाणी मोजू नका. ते श्वासातून आणि घामातून जातं असं धरलेलं आहे. बाकी जे जे पातळ आहे ते सगळं मोजायचं. चहा, दूध, ताक, आमटी, कढी, रस्सा, पेज, सूप, सरबत, आइस्क्रीम, बर्फ. दहीसुद्धा. कलिंगडही पाण्यातच धरा.

घरी असं करा. सकाळी एका बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवा. तुमचा आकडा ८०० असेल तर ८०० मिली. चहा घेतलात की त्याच कपाने तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका. वाटीभर आमटी घेतलीत की वाटीभर पाणी काढा. बाटली रिकामी झाली की दिवसाचं पाणी संपलं. कागदावर बेरजा कराव्या लागत नाहीत. घरातल्यांना विचारावंही लागत नाही. आपल्या वाटीत आणि कपात किती मावतं ते आधी एकदा मोजून घ्या. घरातली आमटीची वाटी बहुतेक १५० मिलीची निघते. लोकांना ती शंभराची वाटते.

गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर गिळता आल्या तर प्रत्येक गोळीमागचं अर्धं भांडं पाणी वाचतं. कुठली गोळी जेवणाबरोबर चालते ते आम्हाला विचारा.

तहान लागते ती मिठामुळे

पाणी कमी प्या, असं नुसतं सांगणं बरोबर नाही हे आम्हाला कळतं. तहान मनाच्या जोरावर थांबत नाही. पण ती कशामुळे लागते हे कळलं तर काही करता येतं.

रक्ताचा खारेपणा शरीर ठरावीक ठेवतं. मीठ पोटात गेलं की रक्त खारट होतं आणि मेंदू पाणी मागतो. खारेपणा पुन्हा जागेवर येईपर्यंत तो मागतच राहतो. साधारण आठ ग्रॅम मीठ एक लिटर पाणी अंगात धरून ठेवतं. एक सपाट चहाचा चमचा मीठ म्हणजे पाच ग्रॅम. तुम्ही दिवसभरात तीन चमचे मीठ खाल्लंत तर जवळजवळ दोन लिटरची तहान त्याच्याबरोबर आली. तेव्हा पाण्याशी झगडण्यापेक्षा मिठाला हात घालणं सोपं आहे.

दिवसभराचं सगळं मिळून एक सपाट चमचा, त्याहून थोडं कमीच. एवढं मीठ सकाळी एका छोट्या डबीत काढून ठेवा. पोळी-भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ नको. तुमची भाजी मीठ घालण्याआधी बाजूला काढा आणि ताटात डबीतलं मीठ वरून घ्या. जिभेला लगेच लागतं, म्हणून थोडं पुरतं. लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स, खारी, सुकी मासळी, पाकिटातलं सूप आणि नूडल्सचा मसाला ही डबीबाहेरून येणारी मिठं. खाण्याच्या सोड्यात आणि पोटासाठी पाण्यात फसफसणाऱ्या पावडरीतही सोडियम असतं.

सैंधव किंवा काळं मीठ घेतलं तर चालतं, असं पुष्कळांना वाटतं. त्यातही मुख्यतः तेच सोडियम असतं. तहान तेवढीच लागते.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहायला हवी. बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं, ते बीपीच्या माणसाला डॉक्टर सांगतात, तुम्हाला नाही. त्यात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मुलं काळजीने ते मीठ आणतात. पाकिटाच्या मागे पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं असलं तर ते तुमच्या स्वयंपाकात येऊ देऊ नका.

डायबेटिस असेल तर साखर वाढली की तहान वाढते. तेव्हा मीठ कमी करूनही तहान थांबत नसेल तर साखर तपासा.

तोंड कोरडं पडलं तर चूळ भरून टाका. एक लवंग किंवा वेलदोडा तोंडात ठेवा. पाण्याच्या वाटणीतलं थोडं पाणी गोठवून बर्फाचा खडा चघळा. एक घोट क्षणात संपतो, खडा बराच वेळ पुरतो. पाणी मोठ्या तांब्याऐवजी लहान पेल्यातून घ्या.

पोटॅशियम

पाणी वाढलं तर सूज दिसते, काटा सांगतो. पोटॅशियम वाढलेलं दिसत नाही. म्हणून आम्हाला त्याची जास्त धास्ती वाटते.

पोटॅशियम हा शरीराला लागणारा क्षार आहे. भाजी, फळं, डाळी, दूध, सगळ्यांत असतो. तो जवळजवळ सगळा पेशींच्या आत राहतो, रक्तात अगदी थोडा. हृदयाचा प्रत्येक ठोका या आत-बाहेरच्या फरकावर चालतो. रक्तातलं पोटॅशियम साडेतीन ते पाच-साडेपाच असावं. सहाच्या वर गेलं की काळजी, साडेसहाच्या वर धोका. तिथे हृदयाची लय बिघडू शकते आणि हृदय थांबूही शकतं.

आठवड्याचा हिशोब बघा. तुमच्या आहारात दिवसाला साधारण दोन ग्रॅम पोटॅशियम असावं असं आम्ही सांगतो, म्हणजे आठवड्याला चौदा. एका डायलिसिसमध्ये तीन ग्रॅमच्या आसपास निघतं. तीन डायलिसिसचे नऊ झाले. उरलेले पाच कुठे जातात? ते मुख्यतः शौचातून जातात. थोडी लघवी होत असेल तर तिच्यातूनही जातात. किडनी बंद पडल्यावर आतडं हे काम नेहमीपेक्षा जास्त करू लागतं. म्हणून आम्ही प्रत्येक वेळी ‘पोट साफ झालं का’ असं विचारतो. दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही तर पोटॅशियमची एक वाट बंद होते. इसबगोल आपल्या मनाने घेऊ नका, त्याच्यावर पुष्कळ पाणी प्यावं लागतं. डॉक्टर दुसरं औषध देतील.

डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होत असेल तर नऊच्या जागी सहाच निघतात. तुमची मर्यादा आणखी कमी आहे. डायलिसिस चुकवलं तर काय होतं तेही या हिशोबात दिसतं.

एका काकांची आषाढी

आमच्याकडच्या एका काकांची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते. नाव सांगत नाही. त्यांचं ड्राय वेट ५६ किलो. वार मंगळवार, गुरुवार, शनिवार. लघवी जवळजवळ बंद. शनिवारी दुपारी डायलिसिस होऊन ते घरी गेले. रविवारी एकादशी. पुढची पाळी मंगळवारी. शनिवार ते मंगळवार हा आठवड्यातला लांब खंड. डायलिसिसच्या पेशंटला जास्तीत जास्त त्रास या खंडाच्या शेवटी होतो, हे जगभर दिसलेलं आहे.

मंगळवारी ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आले. जिना चढताना पाय उचलत नाहीत म्हणाले. वजन ६०.१, म्हणजे चार किलोच्या वर पाणी. पाय जड म्हटल्यावर आम्ही मशीनला लावण्याआधी ईसीजी काढला. तो बिघडलेला होता. डॉक्टरांनी लगेच हृदयाला सांभाळणारं कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि डायलिसिस सुरू केलं. नंतर रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.८. चार लिटर पाणी चार तासांत काढायचं तर वेग १८ झाला असता. तो झेपला नसता. मग वेळ पाच तासांची केली, साडेतीन लिटर काढलं आणि उरलेलं गुरुवारवर ठेवलं. संध्याकाळी ते स्वतःच्या पायांनी जिना उतरले.

काकू रडवेल्या झाल्या होत्या. ‘अहो, काही वावगं खाल्लं नाही, नुसता फराळ केला,’ असं पुन्हा पुन्हा सांगत होत्या. खरंच होतं ते. मग आम्ही दोघी बसलो आणि रविवारचं ताट कागदावर मांडलं.

सकाळी एक शहाळं, पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम. दिवसभरात दोन केळी, सातशे. दुपारी साबुदाण्याची खिचडी. साबुदाण्यात पोटॅशियम नसल्यासारखंच, पण खिचडीतल्या एका बटाट्यात चारशे आणि मूठभर दाण्याच्या कुटात पावणेतीनशे. तिच्याबरोबर दाण्याची आमटी, पुन्हा पावणेतीनशे. रताळ्याचा कीस, पाचशे. चार खजूर, दोनशे. रात्री पेलाभर दूध, तीनशे. बेरीज सव्वातीन हजारांच्या आसपास गेली. म्हणजे सव्वातीन ग्रॅम. दिवसाची मर्यादा दोन, आणि एका डायलिसिसमध्ये निघतात साधारण तीन. अख्ख्या डायलिसिसने जेवढं काढावं तेवढं एका फराळात आत गेलं होतं. पाणीही त्यातच होतं. शहाळं, आमटी, दूध आणि तीन कप चहा मिळूनच लिटरभर झालं. खारवलेले बटाट्याचे वेफर्स खाल्ले होते, त्यांची तहान वेगळी.

आपल्या फराळाचं हे असंच आहे. धान्य चालत नाही, म्हणून कंद, दाणे, फळं आणि सुका मेवा येतात. नेमकी हीच पोटॅशियमची कोठारं. रोजच्या भात-पोळीत ते पुष्कळ कमी असतं. तुमच्यापुरतं बोलायचं तर एकादशीच्या ताटापेक्षा वरणभात हलका आहे.

मग उपवास करायचा की नाही?

करू नका, असं सांगितलं तर आम्हाला बरं वाटेल. पण वर्षानुवर्षांची एकादशी सोडणं किती जड जातं ते आम्ही जाणतो. डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर ताट असं करा.

वरईची भगर करा, घट्ट. साबुदाण्याची खिचडी असेल तर बटाटा नको आणि दाण्याचं कूट चमचाभरच. चवीला जिरं, मिरची, लिंबू घाला. सोबत काकडीची कोशिंबीर, दाण्याच्या कुटाशिवाय. फळ म्हणून अर्धं सफरचंद किंवा अननसाच्या दोन फोडी. दूध अर्धा पेला. दाण्याची आमटी, रताळं, केळं, खजूर आणि शहाळं घरच्यांसाठी ठेवा. राजगिऱ्याचा किंवा दाण्याचा लाडू तुमच्या ताटात नको, त्यात गूळही असतो. गुळात पोटॅशियम भरपूर असतं. डायबेटिस असेल तर साबुदाण्याने साखर झपाट्याने वाढते, म्हणून भगरही थोडी आणि साबुदाणा टाळलेला बरा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळीचं काय करायचं ते आदल्या दिवशी विचारा.

बटाटा हवाच असेल तर त्याचे साल काढून बारीक तुकडे करा. भरपूर पाण्यात उघड्या पातेल्यात उकडा. पाणी फेकून द्या. असं केल्याने निम्म्याच्या आसपास पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. नुसतं रात्रभर भिजत ठेवून तेवढं जात नाही. सालासकट अख्खा बटाटा कुकरला लावला तर जवळजवळ सगळं आतच राहतं. हीच रीत रोजच्या भाजीला लावा. पालेभाजी उकडून, पिळून, मग फोडणीला टाका. ते पाणी आमटीत वापरू नका. दुधी, दोडका, पडवळ, कोबी या भाज्यांत मुळातच पोटॅशियम कमी असतं.

डाळ मात्र बंद करू नका. डायलिसिसमध्ये प्रथिनं जातात, ती भरून काढायला हवीत. डाळ भिजवा, ते पाणी टाका, मोकळ्या पाण्यात शिजवा, वरचं पाणी काढा. मग घट्ट वरण वाटीभर घ्या.

निर्जळी उपवास केला तर पाणीही नाही आणि पोटॅशियमही नाही, असं काही जण म्हणतात. तेही फसवं आहे. आपण खातो तेव्हा इन्सुलिन सुटतं, आणि ते पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलतं. दिवसभर उपाशी राहिलात की हे ढकलणं मंदावतं. मग काही न खाताही रक्तातलं पोटॅशियम वर येतं. उपवास असो वा नसो, तीन-चार तासांनी थोडं खा.

‘एवढ्या एका दिवसापुरती पोटॅशियम उतरवायची पुडी घेतो’ असंही ऐकतो. ती पुडी आतड्यात सावकाश काम करते, आणि तिने पोट घट्ट होऊ शकतं. डॉक्टरांनी दिली असेल तर दिली तशीच घ्या. बाकीच्या गोळ्यांत आणि तिच्यात तीन तासांचं अंतर ठेवा. फराळाचं बिल ती भरू शकत नाही.

प्रेमाने येणारी संकटं

पेशंटला भेटायला येणारा माणूस शहाळं घेऊन येतो. आपली रीतच आहे. तुम्ही ते हसून घ्या आणि नातवंडांना द्या. उसाचा रस, मोसंबीचा रस, टोमॅटोचं सूप, शेवग्याच्या पाल्याची भाजी, ‘किडनी साफ करणारा’ काढा, हे सगळं लोक आपुलकीने सुचवतात. त्यातलं काहीही आम्हाला दाखवल्याशिवाय नको.

पाच धारांचं आंबट कमरख, कोकणात कुठे करमळ तर कुठे करंबळ म्हणतात, ते एक फोडसुद्धा नाही. लोणचं नाही, सरबत नाही. त्यातलं विष चांगली किडनी बाहेर टाकते, तुमची टाकू शकत नाही. उचक्या लागतात, माणूस बरळायला लागतो, झटके येतात. यातून माणसं दगावली आहेत.

जुलाब झाले म्हणून ओआरएस घेऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. आधी फोन करा. अशक्तपणा आला म्हणून गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून घेऊ नका. एक बाटली म्हणजे अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ थेट रक्तात. तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा, ‘मी डायलिसिसवर आहे.’

वाट बघायची नाही अशा खुणा

आडवं झालं की दम लागतो, उठून बसावं लागतं. चार उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही. खोकल्याबरोबर फेस येतो. याचा अर्थ पाणी छातीत गेलं आहे. पाय शिशासारखे जड झाले, हातापायांतली शक्ती गेली, तोंडाभोवती मुंग्या आल्या, नाडी फार मंद किंवा वेडीवाकडी झाली, धडधड होऊन चक्कर आली, तर पोटॅशियम असू शकतं. अशा वेळी उद्या आपली पाळी आहेच, असा विचार करू नका. रात्री दोन वाजलेले असले तरी युनिटला फोन करा किंवा १०८ ला फोन करून गाडी बोलवा. दुसऱ्या दवाखान्यात पोचलात तर पहिलं वाक्य हे बोला: ‘डायलिसिसचा पेशंट आहे, शेवटचं डायलिसिस अमुक दिवशी झालं, ईसीजी आणि पोटॅशियम बघा.’ फिस्टुलाच्या हाताला सुई टोचू देऊ नका, त्या हातावर बीपी घेऊ देऊ नका.

जास्त खाल्लं गेलं, पाणी जास्त झालं, तर लपवू नका. तुम्हाला कोणी रागावणार नाही. आदल्या दिवशी कळलं तर आम्ही जादा पाळी लावू शकतो, वेळ वाढवू शकतो. काट्यावर कळलं तर हातात चारच तास असतात.

या आषाढीला लांब खंड कोणाकोणाचा येतो त्यांची यादी रिसेप्शनच्या टेबलावर आहे. आपलं नाव बघा. ज्यांना एकादशीच्या आदल्या दिवशी पाळी हलवून हवी आहे त्यांनी गुरुवारपर्यंत सिस्टरकडे सांगा. येताना घरची आमटीची वाटी आणि चहाचा कप पिशवीत टाकून आणा, इथेच मोजून त्यावर खूण करून देऊ.